मेंढ्या दोन, रंग एक

समजा, ८०० पिक्सेल रुंद आणि ६०० पिक्सेल उंच असा एक फोटो आहे. माळरानावर दोन मेंढ्या उभ्या आहेत. एक पुढे, दुसरी तिच्या थोडी मागे आणि उजवीकडे सरकलेली. मागचीचं डोकं पुढचीच्या पाठीमागून उजव्या बाजूला बाहेर आलंय, पाठीची एक बारीक पट्टी वर दिसतेय, आणि बाकीचं अंग पुढचीने झाकलंय. दोघींची लोकर सारखीच मळकट पांढरी. हा फोटो पाहून कुणीही क्षणात सांगेल, ‘दोन मेंढ्या’. संगणकाला हे उत्तर देता येण्यासाठी जी युक्ती लागली तिच्याबद्दल हा लेख आहे. ती युक्ती मला अजूनही थोडी अविश्वसनीय वाटते, कारण ती कळण्याआधी वाटतं की प्रश्न फक्त अचूकतेचा आहे, आणि कळल्यावर दिसतं की प्रश्नच वेगळा विचारायला हवा होता.

आधी सोपा भाग. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला ‘तू कशाचा?’ असं विचारायचं आणि गवत, आकाश, मेंढी, कुत्रा, माणूस अशा यादीतलं एक नाव त्याला चिकटवायचं, याला सिमँटिक सेगमेंटेशन म्हणतात. बर्कलीच्या जोनाथन लाँग, इव्हान शेलहॅमर आणि ट्रेव्हर डॅरेल यांनी २०१५ साली दाखवून दिलं की हे काम पूर्णपणे कन्व्होल्यूशनने बनलेलं एकच जाळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू शकतं. फोटो एका टोकाने आत घाला, दुसऱ्या टोकाने तेवढाच मोठा रंगवलेला नकाशा बाहेर येतो. गवत हिरवं, आकाश निळं, मेंढ्या पिवळ्या.

आपल्या फोटोवर हे जाळं अगदी बिनचूक चाललं असं धरू. एकही पिक्सेल चुकला नाही. हातात काय येतं? एक पिवळा डाग. दोन मेंढ्यांचा मिळून एक, कारण त्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. या पद्धतीचं यश मोजायचं नेहमीचं माप म्हणजे प्रत्येक नावासाठी रंगवलेला भाग आणि खरा भाग यांचा सामाईक हिस्सा भागिले दोघांचा एकत्रित हिस्सा, आणि मग सगळ्या नावांची सरासरी. या मापाने आपल्या जाळ्याला पैकीच्या पैकी गुण मिळतील. मेंढ्या किती, हे मात्र त्या नकाशात कुठेच लिहिलेलं नाही. मागची मेंढी फोटोतून काढून टाकून पुढचीच थोडी जाड केली असती तरी नकाशाचा आकार जवळपास तोच राहिला असता.

मग सरळ उपाय सुचतो: नावांच्या यादीत ‘मेंढी’ऐवजी ‘पहिली मेंढी’, ‘दुसरी मेंढी’ अशी नावं घाला. हा उपाय चालत नाही, आणि तो का चालत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. कन्व्होल्यूशनचं मूळ वैशिष्ट्य हे की फोटोत सगळीकडे एकच नियम लागू होतो. डाव्या कोपऱ्यात लोकर ओळखणारा जो हिशोब, तोच उजव्या कोपऱ्यात. यामुळेच तर जाळं मेंढी कुठेही असली तरी ओळखतं. पण हाच गुण इथे आडवा येतो. दोन हुबेहूब मेंढ्या दोन ठिकाणी, सारख्याच परिसरात उभ्या असतील तर त्यांच्या पिक्सेलना सारखंच उत्तर मिळणार. एकीला ‘पहिली’ आणि दुसरीला ‘दुसरी’ म्हणायला कारणच नाही. शिवाय शिकवताना तरी कुणाला पहिली म्हणायचं? क्रमांक अदलाबदल केले तरी उत्तर तितकंच बरोबर असतं, आणि अशा अदलाबदलीचं उत्तर पिक्सेलगणिक पाठ करवून घेता येत नाही.

दुसरा उपाय बराच शहाणपणाचा आहे: रंग एकच ठेवा, पण दोन वस्तूंच्या मधली फट नीट शिकवा. फट राहिली की डाग आपोआप सुटे होतात आणि ते मोजता येतात. २०१५ सालच्या यू-नेट या जाळ्यात ओलाफ रोनेबर्गर आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींसाठी नेमकं हेच केलं. चिकटलेल्या पेशींमधल्या बारीक रेषेवर चूक झाली तर तिला शिकवताना जास्त दंड ठेवला. पेशींच्या बाबतीत हे छान चालतं, कारण त्या बहुधा शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकीचा आकार अखंड दिसतो. मेंढ्या मात्र एकमेकींच्या मागे उभ्या राहतात. मागचीचं डोकं एकीकडे, शेपटी दुसरीकडे आणि मध्ये पुढची असं दिसलं की फट कितीही नीट काढा, तीन डाग होणार. कळपात एक मेंढी वाढली, आणि तीही बिनडोक.

इथून गोष्ट वळते. वस्तू ओळखून तिच्याभोवती चौकट काढणारी एक वेगळी परंपरा याच काळात वाढत होती. रॉस गिर्शिक यांचं आर-सीएनएन, मग फास्ट आर-सीएनएन आणि २०१५ मध्ये शाओकिंग रेन आणि सहकाऱ्यांसोबतचं फास्टर आर-सीएनएन, अशा तीन पायऱ्यांनी ती आली. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधनगटातले कायमिंग हे, जॉर्जिया ग्किऑक्सारी, पिओत्र डॉलर आणि गिर्शिक यांनी या चौकटींच्या यंत्राला एक छोटीशी फांदी जोडली आणि त्याला मास्क आर-सीएनएन असं नाव दिलं. त्याच वर्षी व्हेनिसला भरलेल्या आयसीसीव्ही या परिषदेत त्या निबंधाला मार पारितोषिक मिळालं. फांदी खरोखरच छोटी आहे. तिच्या आधी चौकटी कुठून येतात ते मात्र पाहावं लागेल.

फोटो आधी एका खोल जाळ्यातून जातो आणि त्याचे काही जाडसर नकाशे तयार होतात. या नकाशांत प्रत्येक बिंदूवर रंगांऐवजी शेकडो आकडे असतात: इथे लोकरीसारखा पोत आहे का, इथे कड वळते का, अशा प्रकारची खूण. आपल्या ८०० बाय ६०० च्या फोटोचे वेगवेगळ्या जाडीचे पाच नकाशे मिळून सुमारे ४० हजार बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर तीन ठरावीक चौकटी मनातल्या मनात ठेवल्या जातात: एक आडवी, एक चौरस, एक उभी. म्हणजे सुमारे १ लाख २० हजार चौकटी. एक लहानसं उपजाळं प्रत्येकीबद्दल दोनच गोष्टी सांगतं: हिच्यात काहीतरी वस्तू आहे असं वाटतं का, आणि असेल तर चौकट किती सरकवून, किती ताणून तिच्यावर नीट बसेल. ती वस्तू कोणती, हे अजून विचारलेलंच नाही. यातल्या वरच्या गुणांच्या हजारेक चौकटी पुढे जातात. याच त्या ‘रीजन प्रपोजल’, म्हणजे ‘इथे पाहा बरं’ अशा सूचना. पुढचा टप्पा प्रत्येक सूचनेला नाव देतो, चौकट आणखी नीट बसवतो, एकाच वस्तूवर पडलेल्या जादा चौकटी काढून टाकतो आणि शेवटी जास्तीत जास्त शंभर ठेवतो.

आपल्या फोटोत दोन चौकटी उरल्या असं धरू. पुढच्या मेंढीची चौकट डावीकडून २१२ व्या पिक्सेलपासून ४३६ व्या पर्यंत आणि वरून १८० पासून ३४८ पर्यंत. मागचीची ३१२ ते ५३६ आणि १७२ ते ३४०. दोन्ही २२४ रुंद आणि १६८ उंच, एकमेकींवर बऱ्याच चढलेल्या.

आता फांदी. तिला मास्क हेड म्हणतात. ती प्रत्येक चौकटीतला नकाशाचा तुकडा घेते आणि चौकट लहान असो वा मोठी, तो १४ बाय १४ च्या जाळीत बसवते. त्यावर चार साधी कन्व्होल्यूशन होतात, मग जाळी दुप्पट करून २८ बाय २८ केली जाते, आणि प्रत्येक घरात ० ते १ मधला एक आकडा येतो: हे घर या वस्तूचं आहे याची खात्री किती. शेवटी ही जाळी ताणून पुन्हा मूळ चौकटीएवढी केली जाते, आणि अर्ध्यापेक्षा जास्त खात्री असलेले पिक्सेल वस्तूचे धरले जातात. त्या पिक्सेलचा आकार म्हणजे मास्क. बस, एवढंच.

एवढ्यात दोन मेंढ्या सुट्या कशा झाल्या? एका पिक्सेलचा पाठलाग करू. तो डावीकडून ४२२ वा आणि वरून २५४ वा आहे. तिथे पुढच्या मेंढीचा मागचा भाग आहे. तो दोन्ही चौकटींत येतो. आपल्या चौकटींत जाळीचं प्रत्येक घर ८ पिक्सेल रुंद आणि ६ पिक्सेल उंच पडतं. पुढचीच्या चौकटीत आपला पिक्सेल सत्ताविसाव्या स्तंभात, तेराव्या ओळीत येतो, म्हणजे उजव्या काठाला टेकून. मागचीच्या चौकटीत तोच पिक्सेल चौदाव्या स्तंभात, चौदाव्या ओळीत, म्हणजे जवळजवळ बरोबर मध्यभागी. पुढची चौकट विचारते, ‘हा माझ्या वस्तूचा का?’ उत्तर हो. मागची चौकट तेच विचारते, उत्तर नाही. फोटो तोच, पिक्सेल तोच, लोकर तीच, आणि उत्तरं दोन, दोन्ही खरी.

सिमँटिक पद्धतीत हे घडूच शकत नव्हतं. तिथे पिक्सेलला एकदाच विचारलं जातं आणि त्याने एकच उत्तर द्यायचं असतं. इथे प्रश्नाला पत्ता मिळाला. कन्व्होल्यूशनचा सगळीकडे सारखा लागू होणारा नियम मोडावा लागला नाही. चौकटीने फक्त मोजमापाचा आरंभबिंदू बदलला, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन मेंढ्या वेगळ्या झाल्या. ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर चौकटींनी दिलं आणि ‘कुठवर’ याचं मास्कने. याला इन्स्टन्स सेगमेंटेशन म्हणतात: नावागणिक एक रंग असं न करता वस्तूगणिक एक आकार.

पण थांबा. मागचीच्या चौकटीच्या मध्यभागी तर पुढची मेंढी आहे. मग मास्क हेडने मध्यावरच्या घराला ‘नाही’ म्हणायचं धाडस कुठून आणलं? त्याला कुणी सांगितलं नव्हतं की ही चौकट मागचीची आहे. चौकटीत दोन्ही मेंढ्या दिसतात, दोन्ही मेंढ्याच आहेत. उत्तर शिकवणीत आहे. शिकवताना प्रत्येक चौकटीला माणसांनी हाताने काढलेल्या एकाच वस्तूची कड दिली जाते, ज्या वस्तूशी ती चौकट सर्वांत जास्त जुळते तिची. लाखो उदाहरणांतून जाळं एक खूण पकडतं: चौकट ज्या वस्तूसाठी आहे ती चारही बाजूंना टेकते, घुसखोर वस्तू चौकटीच्या काठावर कापली जाते. मागचीच्या चौकटीत पुढची मेंढी डाव्या काठावर अर्धवट तुटलेली दिसते. म्हणजे ती पाहुणी. हे कुणी नियम म्हणून लिहून दिलेलं नाही, आणि जाळ्याने हेच पकडलंय असं शपथेवर सांगताही येत नाही. पण चौकटी जेव्हा जवळजवळ एकावर एक बसतात तेव्हा मास्क हेड बहुधा गोंधळतं आणि एका मेंढीचा पाय दुसरीला लावतं, यावरून चौकटीच्या काठांवर त्याचा किती भरवसा आहे ते दिसतं.

आता त्या निबंधातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. कोको नावाच्या ज्या फोटोसंग्रहावर हे यंत्र तपासलं गेलं त्यात ८० प्रकारच्या वस्तू आहेत, मेंढीसुद्धा. मास्क हेड प्रत्येक चौकटीसाठी एक नाही तर ८० जाळ्या काढतं: ही वस्तू मेंढी असेल तर तिचा आकार असा, कुत्रा असेल तर असा, छत्री असेल तर असा. मग नाव ठरवणाऱ्या दुसऱ्या फांदीने ‘मेंढी’ म्हटलं की मेंढीची जाळी ठेवायची आणि बाकीच्या ७९ टाकून द्यायच्या. उधळपट्टी वाटते. पण बारकावा असा की या ८० जाळ्या एकमेकींशी भांडत नाहीत.

सिमँटिक पद्धतीत प्रत्येक पिक्सेलवर नावांची चुरस लागते. सगळ्यांच्या वाट्यांची बेरीज १ करावीच लागते, त्यासाठीच्या सूत्राला सॉफ्टमॅक्स म्हणतात. मेंढीची खात्री वाढली की कुत्र्याची कमी झालीच पाहिजे. मास्क हेडमध्ये प्रत्येक जाळी स्वतंत्रपणे हो किंवा नाही म्हणते, त्या सूत्राचं नाव सिग्मॉइड. शिकवतानाही चूक फक्त खऱ्या नावाच्या जाळीवर मोजतात; फोटोतली वस्तू मेंढी असेल तर छत्रीच्या जाळीने काय काढलं याची कुणी विचारपूस करत नाही. लेखकांनी दोन्ही प्रकार करून पाहिले. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त चुरस लावली तर गुण २४.८, चुरस काढली तर ३०.३. (हे गुण म्हणजे सोप्या ते कठीण अशा दहा कसोट्यांची सरासरी. सगळ्यांत सोप्या कसोटीत मास्क आणि खरा आकार यांचं सामाईक क्षेत्र एकत्रित क्षेत्राच्या निम्मं असलं की पुरतं, सगळ्यांत कठीण कसोटीत ९५ टक्के लागतं. म्हणून तीस हा आकडा दिसतो त्याहून बराच चांगला आहे.)

याहून गंमतीची त्यांची दुसरी चाचणी. ८० ऐवजी एकच जाळी ठेवली, म्हणजे मास्क हेडला वस्तूचं नाव काय असू शकेल याची कल्पनाही दिली नाही, तर गुण २९.७. जवळजवळ तेवढेच. म्हणजे मेंढीचा आकार काढायला ‘मेंढी’ म्हणजे काय हे फारसं माहीत असावं लागतच नाही. चौकट नीट असली की ‘हिच्यातली मुख्य वस्तू कुठवर पसरली आहे’ हा प्रश्न नावाशिवाय सुटतो. सिमँटिक पद्धतीत नाव आणि आकार हे एकच काम होतं. इथे ते दोन होतात, आणि दोन केल्याने दोन्ही सोपी होतात.

एक अडचण राहिली होती, आणि ती फारच क्षुल्लक दिसणारी होती: पूर्णांक करणं. जाळ्याचा नकाशा फोटोपेक्षा जाडसर असतो. समजा त्याचा एक बिंदू फोटोतल्या १६ पिक्सेलएवढा आहे. पुढचीच्या चौकटीचा डावा काठ २१२ वर आहे. २१२ भागिले १६ म्हणजे १३.२५. नकाशात सव्वातेरावा बिंदू नाही, म्हणून जुनी पद्धत सरळ १३ धरत असे. म्हणजे काठ २०८ वर गेला, ४ पिक्सेल सरकला. मागचीचा काठ ३१२ वर, भागाकार १९.५, धरला २०, म्हणजे ३२०. आठ पिक्सेल सरकला. मग तुकड्याची १४ घरं पाडताना घरांच्या सीमाही पुन्हा पूर्णांक केल्या जात. आठ पिक्सेल म्हणजे आपल्या जाळीचं एक अख्खं घर. मेंढीचा मास्क नीट निघायचा, पण सगळा एक घर बाजूला.

फास्टर आर-सीएनएनमध्ये याने फारसं बिघडत नव्हतं. मेंढी आठ पिक्सेल इकडे की तिकडे, ती मेंढीच. नाव ठरवायला त्याने फरक पडत नाही. आकार काढायचा म्हटल्यावर मात्र हाच फरक सगळं ठरवतो. उपाय इतका साधा की हसू येतं: पूर्णांक करूच नका. १३.२५ या जागेची किंमत हवी तर तेराव्या बिंदूची तीन चतुर्थांश आणि चौदाव्याची एक चतुर्थांश अशी मिसळून घ्या. उभ्या दिशेलाही तसंच. प्रत्येक घरात अशा चार जागा घेऊन त्यांची सरासरी काढली की झालं. याचं नाव आरओआय-अलाइन. एवढ्याने गुण सुमारे ३ ने वाढले, आणि ७५ टक्के सामाईक क्षेत्र मागणाऱ्या कडक कसोटीत ५ ने. नकाशा आणखी जाड, ३२ पिक्सेलला एक बिंदू असा, घेतला तर जुन्या आणि नव्या पद्धतीतला फरक ७ गुणांवर गेला. आणि खरं नवल पुढे आहे: अपूर्णांक जपले की हा जाड नकाशा १६ च्या नकाशापेक्षा किंचित सरसच ठरला. इतकी वर्षं जाडसर नकाशाला जो दोष दिला जात होता तो पूर्णांक करण्याच्या सवयीचा निघाला.

आता मर्यादा. पहिली नजरेला लगेच दिसते. मास्क २८ बाय २८ घरांचा, मग वस्तू केवढीही असो. आपल्या मेंढीसाठी एक घर ८ पिक्सेलचं होतं, ते चालून जातं. पण मेंढी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन तिची चौकट ७०० पिक्सेल रुंद झाली, तर एक घर २५ पिक्सेलचं. कान गोल होतात, दोन पायांमधली फट भरून जाते, लोकरीची कड लोण्यासारखी गुळगुळीत दिसते. छोट्या वस्तूंची कड नीट आणि मोठ्यांची ढोबळ, असं उलटं चित्र दिसलं की कारण हेच. सिमँटिक जाळ्याला ही अडचण नसते, कारण त्याचा नकाशा फोटोला बांधलेला असतो, वस्तूला नाही. मेंढी जवळ आली की तिच्या वाट्याला जास्त बिंदू येतात. २०२० मध्ये अलेक्झांडर किरिलोव्ह आणि सहकाऱ्यांनी पॉइंटरेंडमध्ये यावर तोड काढली: सगळा मास्क बारीक करत बसण्यापेक्षा जिथे खात्री निम्म्याच्या आसपास घुटमळते, म्हणजे कडेवर, तेवढ्याच बिंदूंना पुन्हा विचारायचं.

दुसरी मर्यादा अशी की गवत आणि आकाश यांच्याबद्दल हे यंत्र गप्प आहे. आकाश ‘किती’ असतं? त्याला चौकट कशी घालणार? आणि तिसरी, तिचीच बहीण: प्रत्येक चौकट आपापलं उत्तर स्वतंत्रपणे देते, त्यामुळे सीमेवरचा एखादा पिक्सेल दोन्ही मेंढ्या आपला म्हणू शकतात. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर दोघांनी स्वतंत्रपणे पूर्ण मालकी लावावी तसा प्रकार. किरिलोव्ह, हे, गिर्शिक आदींनी २०१९ मध्ये पॅनॉप्टिक सेगमेंटेशन या नावाने मांडलेल्या कामात प्रत्येक पिक्सेलला एकच नाव आणि मोजता येणाऱ्या वस्तूंना शिवाय एकच क्रमांक अशी अट घातली, म्हणजे दोन्ही पद्धतींना एका नकाशावर बसवून तंटा मिटवायला लावला.

चौथी मर्यादा मला सर्वांत बोधक वाटते, कारण ती मास्कमध्ये दिसतच नाही. वर म्हटलं होतं की एकाच वस्तूवर पडलेल्या जादा चौकटी काढून टाकतात. कशा? दोन चौकटींचं नाव एकच असेल आणि त्यांचं सामाईक क्षेत्र एकत्रित क्षेत्राच्या निम्म्याहून जास्त असेल, तर कमी गुणांची चौकट बाद. ही निम्म्याची रेषा नेहमीची. आपल्या दोन मेंढ्यांचा हिशोब करू. त्यांच्या चौकटी १०० पिक्सेल बाजूला आणि ८ पिक्सेल वर-खाली सरकलेल्या आहेत. सामाईक भाग १२४ गुणिले १६०, म्हणजे १९,८४०. एकत्रित भाग ५५,४२४. गुणोत्तर सुमारे ०.३६. दोघी वाचल्या.

आता मागची मेंढी दोन पावलं डावीकडे सरकते आणि अंतर १०० ऐवजी ६४ पिक्सेल होतं. सामाईक भाग १६० गुणिले १६०, म्हणजे २५,६००. एकत्रित ४९,६६४. गुणोत्तर ०.५१५. मागचीची चौकट बाद, आणि तिच्याबरोबर मेंढी बाद. मास्क हेडपर्यंत ती पोचलीच नाही. मास्क हेड कितीही हुशार असो, ज्या वस्तूबद्दल त्याला विचारलंच गेलं नाही तिचा आकार ते काढू शकत नाही. रेषा ०.६ वर नेली तर ही मेंढी परत येते, पण दुसरीकडे एकाच मेंढीवरच्या दोन सैलसर चौकटी दोन्ही वाचतात आणि ती दोनदा मोजली जाते. २०१७ मध्येच सॉफ्ट-एनएमएस या पद्धतीने बाद करण्याऐवजी फक्त गुण कमी करण्याचा मधला मार्ग सुचवला. त्याने ही निवड सौम्य होते, टळत नाही. मेंढरं जेव्हा खांद्याला खांदा लावून चालतात तेव्हा ही गळती नेमाने होते, आणि एकूण गुणांच्या सरासरीत ती कुठेतरी विरून जाते.

ती पकडायला मात्र पहिलीच, भोळी पद्धत कामी येते. त्याच फोटोवर सिमँटिक जाळंही चालवा आणि दोन्ही उत्तरं एकमेकांवर ठेवा. सिमँटिक नकाशा मागच्या मेंढीचं डोकंही पिवळं रंगवतो, त्याला चौकटीच्या गुणोत्तराशी देणंघेणं नाही. त्या पिवळ्यातून मास्क आर-सीएनएनने काढलेले सगळे मास्क वजा करा. बहुतेक ठिकाणी कडेकडेने बारीक धागे उरतील, ते २८ घरांच्या ढोबळपणाचे. पण कुठे ४० पिक्सेल रुंदीचा, डोक्याच्या आकाराचा पिवळा तुकडा कुणाच्याही मास्कविना उरला, तर तिथे एक मेंढी मोजायची राहिली आहे. आधी तिची बाद झालेली चौकट यादीत शोधा, आणि मगच मास्क हेडला दोष द्या.